जामीन मामा राहणार, तर मराठी त्यांना कळेल असं हवं

*ताई, माझी धाकटी बहीण दोन वर्षांच्या मास्टर्ससाठी जर्मनीला चालली आहे. मुंबईतल्या एका ट्रस्टने तिला बारा लाखांची शिष्यवृत्ती मंजूर केली आहे. मंजुरीपत्र इंग्रजीत आहे, आणि सोबत एक हमीपत्र आहे. त्यावर जामीनदार म्हणून आमचे मामा सही करणार आहेत. मामांचा वाशी मार्केटला गाळा आहे, इंग्रजी ते वाचत नाहीत. म्हणाले, “मराठीत लिहून दे, मग सही करतो.” मी लिहिलं, पण नूतनीकरणाची अट आणि परतफेडीचा परिच्छेद यांचं मराठी माझं मलाच कळत नाही. मूळ पत्र, हमीपत्र आणि माझा मसुदा सोबत पाठवतो आहे. शिवाय भाषांतर नोटरीकडून करून घ्यावं लागतं का?*
*— एक वाचक, कोपरखैरणे*

नोटरीचं आधी उरकते. नोटरी हमीपत्रावरची सही समोर झाल्याचं प्रमाणित करतो. तुझं मराठी बरोबर आहे की चूक, हे तो पाहत नाही आणि ते त्याचं कामही नाही. पत्र इंग्रजीतच असल्याने जर्मन वकिलातीलाही या मराठी पानांची गरज नाही. तेव्हा शिक्के, प्रमाणपत्र वगैरे विसर. ही पानं फक्त मामांसाठी आहेत.

म्हणून ती कमी महत्त्वाची आहेत असं मात्र नाही. तू पाठवलेल्या हमीपत्राच्या तळाशी, सहीच्या अगदी वर एक ओळ आहे. हा मजकूर मला मराठीत समजावून सांगण्यात आला असून तो मला पूर्णपणे समजला आहे, असं जामीनदार तिथे लिहून देतो. ती तुझ्या भाषांतरात नाही, बहुधा छापील मजकूर म्हणून तू सोडून दिलीस. ती सर्वांत आधी घाल. उद्या वाद झालाच, तर “मला इंग्रजी येत नव्हतं” हे म्हणण्याची वाट मामा त्या ओळीखाली सही करून बरीचशी बंद करतात. समजावून सांगणारा तू आहेस.

आता कामाची पद्धत. दोन वेगळे कागद कर. पहिल्या कागदावर निव्वळ भाषांतर: पत्रात जे आहे तेवढंच, परिच्छेदांचे क्रमांक मूळ पत्राप्रमाणे. वर एक ओळ लिही, “हा समजण्यासाठी केलेला मराठी मजकूर आहे, इंग्रजी मजकूरच बंधनकारक आहे.” दुसऱ्या कागदावर तुझी टिपणं: कुठे काय अस्पष्ट आहे, ट्रस्टला काय विचारायचं, मामांना काय तोंडी सांगायचं. तुझ्या मसुद्यात ही दोन्ही कामं एकमेकांत मिसळली आहेत. कंसात रुपयांचे युरो केलेस, ग्रेडचे टक्के केलेस. वाचणाऱ्याला ते ट्रस्टनेच लिहिलंय असं वाटेल. ते सगळं दुसऱ्या कागदावर ने.

तू ज्याला “मलाच कळत नाही” म्हणतोस, त्याचं कारण मला मसुद्यातल्या क्रियापदांत दिसतं. “करण्यात यावे”, “देण्यात येईल”, “वसूल करण्यात येईल.” ही सरकारी मराठी कानाला भारदस्त लागते, पण त्यात कर्ता नाहीसा होतो. करारात तर सगळा प्रश्न कर्त्याचाच असतो: कोणी द्यायचं, कोणाला द्यायचं, कोणी मागायचं. प्रत्येक वाक्यात “विद्यार्थिनी”, “ट्रस्ट” किंवा “जामीनदार” यांपैकी एक शब्द कर्ता म्हणून बसव. वाक्यं लगेच सरळ होतील, आणि जिथे कर्ता सापडणार नाही तिथे मूळ इंग्रजीतच घोळ आहे हे कळेल.

याचा सर्वांत मोठा फटका नूतनीकरणाच्या अटीत बसला आहे. तू लिहिलंस, “दुसरा हप्ता प्रगतिपुस्तक मिळाल्यावर देण्यात येईल.” मूळ वाक्यात क्रियापद “मे” आहे, “शॅल” नाही. शिवाय निर्णय सर्वस्वी ट्रस्टच्या मर्जीवर आणि निधी उपलब्ध असेल तर, असंही तिथे लिहिलं आहे. “देण्यात येईल” हे वचन झालं. ट्रस्टने वचन दिलेलंच नाही. असं लिही: “खालील अटी पूर्ण झाल्यास ट्रस्ट दुसरा हप्ता देऊ शकेल. तो द्यायचा की नाही हे ट्रस्ट ठरवेल. अटी पूर्ण झाल्या तरी तो देण्याचं बंधन ट्रस्टवर नाही.” लांब झालं, चालेल. मामांनी बारा लाख पक्के धरून पुढचं गणित बांधू नये. पत्रातही बारा लाख “पर्यंत” असंच आहे. पक्के फक्त पहिले सहा लाख.

त्याच अटीत गुणांची गोष्ट आहे आणि इथे तुझं भाषांतर उलटं झालंय. “सरासरी ग्रेड किमान २.५” असं तू लिहिलंस. जर्मनीत १.० ही सर्वोत्तम ग्रेड, ४.० म्हणजे जेमतेम उत्तीर्ण आणि ५.० म्हणजे नापास. आकडा जितका लहान तितका निकाल चांगला. मूळ पत्रात “२.५ किंवा अधिक चांगली” असं आहे, म्हणजे २.५ किंवा त्याहून लहान आकडा. “किमान २.५” वाचून मामा ३.२ ला पेढे वाटतील आणि तिथे हप्ता अडकलेला असेल. भाषांतरात “सरासरी ग्रेड २.५ किंवा त्याहून चांगली” एवढंच ठेव. जर्मन मोजणीचा खुलासा दुसऱ्या कागदावर जाऊ दे. टक्क्यांत रूपांतर मात्र कुठेच करू नकोस. रूपांतराची सूत्रं असतात, पण ट्रस्टने पत्रात एकही सांगितलेलं नाही. तुझा टक्का कोणालाच बांधील नाही आणि मामांच्या डोक्यात मात्र तोच राहील.

याच परिच्छेदात मला एक अडचण दिसते, ती भाषेची नाही. अट अशी आहे की पहिल्या वर्षात किमान ४५ ईसीटीएस क्रेडिट मिळालेली दाखवणारं गुणपत्रक ३१ जुलैपर्यंत ट्रस्टकडे पोचलं पाहिजे. युरोपात पूर्णवेळ अभ्यासक्रमाचं एक वर्ष ६० क्रेडिटचं धरतात, म्हणजे सत्राला ३०. जर्मनीतल्या बहुतेक विद्यापीठांत हिवाळी सत्र ऑक्टोबर ते मार्च आणि उन्हाळी सत्र एप्रिल ते सप्टेंबर असतं. उन्हाळी सत्राची व्याख्यानं जुलैच्या मध्याला संपतात. परीक्षा त्यानंतर सुरू होतात, काही तर सप्टेंबरपर्यंत चालतात, आणि निकाल त्याच्याही नंतर. ३१ जुलैला बहिणीच्या गुणपत्रकात साधारण पहिल्या सत्राची क्रेडिट दिसतील, फार तर ३०. सगळ्या विषयांत पहिली आली तरी ४५ दाखवता येणार नाहीत.

ट्रस्टचा हेतू वाईट असेल असं मला वाटत नाही. आपल्याकडचं शैक्षणिक वर्ष जूनच्या आसपास सुरू होतं, तेच धरून कोणीतरी ही तारीख सगळ्या देशांसाठी छापली असावी. पण भाषांतर करताना तू ती तारीख गुपचूप सुधारू नकोस किंवा “निकाल लागल्यावर” असं मऊ करू नकोस. मजकूर जसा आहे तसा लिही. दुसऱ्या कागदावर प्रश्न लिही, आणि सहीच्या आधी बहिणीकडून ट्रस्टला ईमेल जाऊ दे: तिच्या विद्यापीठाचं वेळापत्रक जोडून, ३१ जुलैला फक्त पहिल्या सत्राचा निकाल उपलब्ध असेल, तेव्हा ४५ क्रेडिटची अट ३१ ऑक्टोबरपर्यंतच्या गुणपत्रकावर तपासली जाईल का, असं विचारून. उत्तर लेखी हवं. फोनवर “हो हो, बघू आपण” म्हणणारा माणूस पुढच्या जुलैत त्या खुर्चीत असेलच असं नाही.

आता परतफेड. तुझा परिच्छेद एकच वाक्य आहे, आठ ओळींचं, मूळ इंग्रजीसारखंच. ते फोड. मी असं लिहीन:

“पुढील चारपैकी कोणतीही एक गोष्ट घडली, तरी ट्रस्टने लेखी मागणी करताच विद्यार्थिनीने तोपर्यंत मिळालेली सर्व रक्कम एकरकमी परत केली पाहिजे. एक, ती कोणत्याही कारणाने अभ्यासक्रम सोडते. दोन, विद्यापीठ तिला काढून टाकतं. तीन, ट्रस्टची आधी लेखी परवानगी न घेता ती अभ्यासक्रम किंवा विद्यापीठ बदलते. चार, अभ्यासक्रम पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांत ती भारतात परतत नाही. या रकमेवर विद्यार्थिनीने दरसाल दरशेकडा ९ दराने सरळव्याज दिलं पाहिजे. प्रत्येक हप्ता ज्या दिवशी दिला गेला, त्या दिवसापासून पूर्ण परतफेड होईपर्यंत हे व्याज मोजलं जाईल.”

तुझ्या मसुद्यात चार गोष्टींमध्ये “व” आला आहे. त्यामुळे चारही घडल्या तरच पैसे परत द्यायचे, असा अर्थ निघतो. मुळात “ऑर” आहे. म्हणून “चारपैकी कोणतीही एक” हे शब्द सुरुवातीलाच हवेत. “कोणत्याही कारणाने” हेही तू गाळलंस. त्यात आजारपण येतं, घरची अडचण येते. मामांना हे तोंडी सांग: पोरगी आजारी पडून परत आली, तरी या शब्दांप्रमाणे पैसे मागता येतात. वैद्यकीय कारणाला सूट मिळेल का, हेही त्याच ईमेलमध्ये विचार.

व्याजाबद्दल दोन गोष्टी. तू नुसतं “९ टक्के व्याज” लिहिलंस. मार्केटमध्ये कोणी “दीड टक्क्याने दिले” म्हणतो, तेव्हा ते महिन्याचं असतं. मामांची सवय तीच असणार. म्हणून “दरसाल दरशेकडा” हे शब्द हवेतच, आणि “सरळव्याज” हाही. दुसरी गोष्ट, व्याज कधीपासून. तुझ्या वाक्यावरून ते मागणीच्या तारखेपासून लागतं असं वाटतं. मूळ वाक्य हप्त्याच्या तारखेपासून म्हणतं. फरक किती पडतो ते मांडून बघू. सोयीसाठी धरू की पहिले सहा लाख १ ऑक्टोबर २०२६ ला आणि दुसरे सहा लाख १ ऑक्टोबर २०२७ ला मिळाले. अभ्यासक्रम सप्टेंबर २०२८ अखेर संपला, सहा महिन्यांत ती परतली नाही आणि १ एप्रिल २०२९ ला ट्रस्टने मागणी केली. पहिल्या हप्त्याला अडीच वर्षं झाली, त्याचं व्याज १,३५,००० रुपये. दुसऱ्याला दीड वर्ष, त्याचे ८१,०००. मुद्दल धरून त्या दिवशी देणं १४,१६,००० रुपये. तुझ्या वाक्याप्रमाणे ते १२ लाखच राहिलं असतं. हे उदाहरण भाषांतरात नको, दुसऱ्या कागदावर मांड. मामा ते तुझ्यापेक्षा लवकर तपासतील.

“अभ्यासक्रम पूर्ण झाल्यापासून” यावर तू अडला नाहीस, मी अडले. पूर्ण म्हणजे कधी? शेवटची परीक्षा, प्रबंध सादर केला तो दिवस, त्याचा निकाल, की पदवीचं प्रमाणपत्र हातात आलं तो दिवस? प्रबंध तपासायला आठवडेच्या आठवडे जातात, तेव्हा या तारखांत सहज दोन-तीन महिन्यांचं अंतर पडतं. पत्र काहीच सांगत नाही. भाषांतरात तूही सांगू नकोस, शब्द तसाच ठेव आणि ट्रस्टला विचार.

आणि एक गोष्ट बहिणीशी बोल, मामांसमोरच. जर्मनीत पदवी घेतलेल्यांना तिथेच नोकरी शोधण्यासाठी अठरा महिन्यांपर्यंतचा राहण्याचा परवाना मिळू शकतो. जाणाऱ्या जवळपास प्रत्येक मुलाच्या मनात तो असतो. या पत्रातली मुदत सहा महिन्यांची आहे. दोन्ही एकाच वेळी पाळता येणार नाहीत. तिचा विचार तिथे नोकरी करण्याचा असेल, तर त्यात काही गैर नाही, पण मग ही रक्कम शिष्यवृत्ती नसून ९ टक्क्यांचं कर्ज आहे असं समजून मामांनी सही करायची की नाही ते ठरवावं. उघडपणे कर्ज म्हणूनच दिल्या जाणाऱ्या शिष्यवृत्त्या आपल्याकडे जुन्या आहेत. जमशेटजी टाटांनी १८९२ साली सुरू केलेली त्यातली सर्वांत माहीत असलेली. त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त कर्जाला कर्ज म्हणून ओळखावं.

उरला जामिनाचा परिच्छेद. “जामीनदार संयुक्तपणे व पृथकपणे जबाबदार राहील” हे तू कोशातून घेतलंस. चूक नाही, न्यायालयीन मराठीत असंच लिहितात, पण मामांना त्यातून काही कळणार नाही. “पृथकपणे” म्हणजे निम्मं-निम्मं असंच बहुतेकांना वाटतं. असं लिही: “जामीनदाराची जबाबदारी विद्यार्थिनीइतकीच आहे. संपूर्ण रक्कम ट्रस्ट दोघांकडून मिळून, किंवा एकट्या विद्यार्थिनीकडून, किंवा एकट्या जामीनदाराकडून वसूल करू शकेल. ट्रस्टने आधी विद्यार्थिनीविरुद्ध कारवाई केली पाहिजे असं बंधन नाही.” शेवटचं वाक्य तुझ्या हमीपत्रात आहे, मी वाढवलेलं नाही. कायद्याचीही मूळ भूमिका हीच आहे. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोच्या जबाबदारीएवढीच असते. बहीण जर्मनीत आणि मामा वाशी मार्केटला, तर पहिली नोटीस कुठे येईल हे सांगायला नको.

“वेगळं काही ठरलं नसेल तर” हे शब्द मामांच्या उपयोगाचे आहेत. जामीन ठरावीक रकमेपुरता ठेवा, किंवा पहिल्या हप्त्यापुरता ठेवा आणि दुसऱ्यासाठी नव्याने सही घ्या, असं ट्रस्टला सांगता येतं. ऐकतीलच असं नाही. विचारायला हरकत नाही.

आता ती ओळ, जी तू “इतर कायदेशीर बाबी” म्हणून तीन शब्दांत गुंडाळलीस. त्यात नुसते आकडे आहेत: कलम १३३, १३४, १३५, १३९ आणि १४१ खालचे हक्क जामीनदार सोडून देतो. बँकांच्या हमीपत्रांतही अशी ओळ सर्रास असते आणि कोणी ती वाचत नाही. हीच कलमं जामीनदाराला थोडंफार संरक्षण देतात. एकट्या १३३ चं सांगते. जामीनदाराच्या संमतीशिवाय मूळ करारात बदल केला, तर बदलानंतरच्या व्यवहारांपुरता जामीनदार मोकळा होतो. समज, दुसऱ्या वर्षी ट्रस्टने नूतनीकरणाच्या पत्रात नव्या अटी घातल्या, परतल्यावर भारतात तीन वर्षं नोकरी वगैरे, बहिणीने ईमेलवर होकार कळवला आणि मामांना कोणी विचारलंच नाही. कायद्याप्रमाणे दुसऱ्या हप्त्यासाठी मामा सुटले असते. त्या ओळीवर सही केली की ते संरक्षण जातं. भाषांतरात पाचही आकडे जसेच्या तसे यायला हवेत. त्यांचा अर्थ मात्र माझ्याकडून किंवा तुझ्याकडून नको, वकिलाकडून घ्या. ठाण्याला कोर्ट नाक्यावर किंवा बेलापूरच्या कोर्टात उभे राहणारे दिवाणी वकील तासाभरात हे वाचून देतात. चौदा लाखांच्या सहीसमोर त्यांची फी फार नाही. ही ओळ काढता येत नसेल, तर निदान “मंजुरीपत्राच्या अटींतील कोणताही बदल जामीनदाराच्या लेखी संमतीनेच लागू होईल” असं एक वाक्य घालायला सांगा.

सगळं लिहून झालं की मामांना कागद देऊन निघून येऊ नकोस. त्यांच्यापुढे बसून वाच, मग त्यांना तोंडी प्रश्न विचार. ती तिसऱ्या सत्रात आजारी पडून परत आली तर कोणी किती द्यायचं? ग्रेड २.८ आली तर काय होईल? पैसे कोणाकडे आधी मागतील? ज्या उत्तराला ते अडखळतील किंवा चुकतील, ते वाक्य पुन्हा लिही. त्यांना समजलं नाही, तर दोष मराठीत आहे.

ट्रस्टची लेखी उत्तरं आल्यावर त्यांचंही मराठी करून त्याच गड्डीत लाव. अंतिम प्रतीच्या प्रत्येक पानावर तारीख घाल, कारण अशा मसुद्यांच्या दोन-तीन आवृत्त्या व्हॉट्सॲपवर फिरतात आणि जुनीच वाचून सही होते. एक प्रत मामांच्या गाळ्यात राहू दे, एक बहिणीबरोबर जाऊ दे. ३१ जुलै, किंवा ट्रस्ट जी तारीख बदलून देईल ती, तुझ्याही फोनमध्ये टाकून ठेव. ती तिकडे परीक्षेत असेल, तेव्हा गुणपत्रक पोचल्याची पोच मागायचं काम इथल्याच कोणाला तरी करावं लागेल.